वीकएंडला भाड्याने गाडी : रोजची किलोमीटर मर्यादा नेमकी मोजतात कशी?

सायली_क

मागच्या वीकएंडला आम्ही चौघं सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्याने घेऊन फिरून आलो. प्रवास छान झाला, गाडीही चांगली होती. पण आज बिल आलंय आणि त्यातला जादा किलोमीटरचा आकडा काही केल्या माझ्या हिशेबात बसत नाहीये.

गाडी शुक्रवारी संध्याकाळी ७ ला घेतली आणि रविवारी रात्री ९ ला परत दिली. दिवसाचं भाडं २०००, त्यात रोज २५० किमी, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १२. इंधन आपलं आपण भरायचं.

बिल असं आहे : २ दिवसांचे ४०००, वरच्या २ तासांचे ५००, जादा १७६ किमीचे २११२. एकूण ६६१२, शिवाय कर. जादाची रक्कम त्यांनी मला न विचारता डिपॉझिटमधून कापून घेतली.

मी धरून चालले होते की शुक्रवार, शनिवार, रविवार म्हणजे तीन दिवस, म्हणजे ७५० किमी आपल्या हातात. तेवढे आम्ही नक्कीच फिरलेलो नाही, म्हणून मी निश्चिंत होते. बिलात मर्यादा फक्त ५०० धरली आहे. आणि एकूण अंतर ६७६ दाखवलंय, तेही मला जास्त वाटतंय.

तर प्रश्न दोन. यात दिवस किती धरायचे? आणि अंतर चुकीचं आहे असं वाटत असेल तर ते दाखवून कसं द्यायचं?

---

गाडीवान

ताई, यात नवल काही नाही. प्रत्येक गाडीचं मीटर १० टक्के जास्तच पळतं, कंपन्या तसंच बनवून देतात. ६७६ मधले साठएक किलोमीटर तिथेच गेले. भाड्याच्या गाडीत हे गृहीत धरूनच निघायचं.

---

नाना_प्रवासी

आमच्या वेळी ड्रायव्हरने गाडी त्याच्या गॅरेजमधून काढल्यापासून परत गॅरेजला लावेपर्यंतचं अंतर धरलं होतं. आम्हाला घरून घेतलं, घरी सोडलं, पण त्याचं येणं-जाणंही आमच्याच माथी. तुमच्या ड्रायव्हरला विचारा गॅरेज कुठे आहे ते. रात्रीचा भत्ता वेगळा लावला का?

---

सायली_क

नाना, ड्रायव्हर नव्हता हो. गाडी आम्हीच चालवली, त्यांच्या पार्किंगमधून घेतली आणि तिथेच नेऊन लावली.

---

नाना_प्रवासी

अरे हो, सेल्फ ड्राइव्ह वाचायचं राहिलंच. मग भत्त्याचा प्रश्न नाही. चालू द्या, मीही वाचतोय, पुढच्या महिन्यात मुलाला अशीच गाडी घ्यायची आहे.

---

चावीवाला

मी सहा वर्षं भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर काम केलंय. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

सायलीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या विरोधात जाणारं आहे. सेल्फ ड्राइव्हमध्ये दिवस म्हणजे कॅलेंडरचा वार नव्हे. गाडी ताब्यात घेतली त्या मिनिटापासून २४ तास म्हणजे एक दिवस. शुक्रवार ७ ते शनिवार ७ एक, शनिवार ७ ते रविवार ७ दोन. त्यानंतरचे दोन तास वरचे. सिस्टिमला वार कळत नाही, तिला फक्त घेतल्याची आणि दिल्याची वेळ कळते. त्यामुळे २ दिवस २ तास हा हिशेब मला बरोबर वाटतो, आणि ५०० ची मर्यादाही त्यातूनच आली आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. 'रोज २५०' याचा अर्थ रोजचे रोज २५० असा नसतो, सगळे दिवस मिळून एकच बेरीज धरतात. शनिवारी ४०० आणि रविवारी ५० झाले तरी चालतं. कारण साधं आहे : मीटर वाचलं जातं दोनदाच, गाडी देताना आणि घेताना. मधे कुठल्या दिवशी किती झाले हे काउंटरवरच्या माणसाला माहीतच नसतं.

---

रेवा

@चावीवाला, माहिती चांगली दिलीत, पण मला एक पटलं नाही. दोन तासांचे ५०० घेतले ना? म्हणजे तासाला २५०. दिवसाच्या दराने गेलं तर तासाला ८३ च पडतात. तिप्पट दर लावायचा आणि त्या दोन तासांत एकही किलोमीटर द्यायचा नाही? सायली, तू हे विचारच त्यांना.

---

चावीवाला

रेवाताई, रास्त प्रश्न आहे आणि याला एकच उत्तर नाही. मी तीन तऱ्हा पाहिल्यात. काही ठिकाणी वरच्या तासांना किलोमीटर मिळतच नाहीत. काही ठिकाणी तासाच्या प्रमाणात मिळतात, म्हणजे २५० ला २४ ने भागून तासाला दहाएक, दोन तासांचे वीस-एकवीस. आणि काही ठिकाणी ठरावीक तासांच्या पुढे गेलात की सरळ पूर्ण दिवस लावतात, मग त्या दिवसाचे सगळे किलोमीटरही मिळतात. ताईंच्या करारात यातलं काय लिहिलंय ते बघावं लागेल. बहुतेक वेळा ते दराच्या तक्त्यात नसतं, 'उशिरा परत' किंवा 'मुदतवाढ' या कलमाखाली असतं.

तासाचा दर चढा असतो तो मुद्दाम. गाडी ७ ला येणार म्हणून पुढच्याला ८ ची दिलेली असते.

---

स्पॅनर

@गाडीवान, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. जास्त दाखवतो तो स्पीडोमीटर. अनेक देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात असं आहे की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये, आणि जास्त असला तर खऱ्याच्या १० टक्के अधिक ४ किमी प्रतितास इथपर्यंतच असावा. म्हणून कारखान्यातूनच काटा थोडा पुढे ठेवलेला असतो. तुमचे १० टक्के तिथले.

ओडोमीटर म्हणजे अंतराचा आकडा. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि त्यात असा मुद्दाम वाढवा घातलेला नसतो. त्यात फरक पडतो तो मुख्यतः टायरमुळे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, झिजत झिजत दीड-दोन मिमीवर येते. म्हणजे चाकाची त्रिज्या सहाएक मिमीने कमी होते. त्रिज्या ३०० मिमीच्या आसपास धरली तर २ टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतराला फेऱ्या जास्त होतात आणि मीटर जास्त मोजतं. सायलीताईंच्या प्रवासात याने दहा-बारा किलोमीटर वाढतील. साठ नाही.

---

गाडीवान

मान्य. वेगाचा काटा आणि अंतराचा आकडा वेगळे असतील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या गाडीत नकाशावर ९२ दिसतं तेव्हा काटा ९७ ला असतो, त्यावरून मी अंतरही तसंच धरत आलो.

---

सायली_क

सगळ्यांचे आभार. दिवसांचं कळलं, ती माझीच समजूत चुकीची होती. आता अंतराकडे वळते.

काल रात्री नकाशा उघडून बसले. घरापासून मुक्कामाच्या ठिकाणी २३८ किमी, जाऊन-येऊन ४७६. तिथे शनिवारी किल्ला आणि किनारा मिळून साधारण ८०. गाडी घ्यायच्या जागेपासून घर ११, ते दोनदा म्हणजे २२. बेरीज ५७८. एकदा पेट्रोल पंप शोधताना थोडे भरकटलो होतो, त्याचे ५-७ धरा. कितीही ताणलं तरी ५९० च्या वर जात नाही. ६७६ कुठून आले?

---

शंतनू_म

नकाशावरच्या अंतराने काही सिद्ध होत नाही. माणूस फिरायला गेला की आठवतं त्यापेक्षा जास्तच फिरतो. संध्याकाळी 'जरा चक्कर मारून येऊ' म्हणून निघतो ती चक्कर वीस किलोमीटरची असते. मी गेल्या वर्षी असाच ठाम होतो आणि नंतर फोनमधला प्रवासाचा इतिहास बघितला तर ४० किमी माझ्या लक्षातच नव्हते. शिवाय ताईंनी गाडी घेताना मीटरच्या आकड्यावर सही केली असणार. सही केली म्हणजे आकडा मान्य केला.

---

जमाखर्च

सायलीताई, बिलावर गाडी देतानाचं आणि परत घेतानाचं असे दोन्ही आकडे छापलेले असतील. ते जसेच्या तसे इथे द्याल का?

---

सायली_क

देताना ४८१२६, परत घेताना ४८८०२.

शंतनू, सही केली होती हे खरं. त्यांच्या टॅबवर बोटाने. पाठीमागे रांग होती, मुलं कंटाळली होती, मी आकडा वाचलाही नाही.

---

जमाखर्च

मला एक शंका येतेय, लिहितो, चूक असेल तर सांगा.

आम्ही हिशेब जुळवणारी माणसं. खतावणी जुळत नसली की आधी फरकाला ९ ने भागून बघतो. भाग नि:शेष गेला तर संशय येतो की कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेलेत. ६३ चे ३६ झाले तर फरक २७, ८१ चे १८ झाले तर ६३. दरवेळी ९ च्या पटीत. दशक आणि शतक उलटले तर फरक ९० च्या पटीत येतो.

तुमचा अंदाज ५७८ ते ५९०, बिल ६७६. फरक ८६ ते ९८. नव्वद बरोबर त्यात बसतो. आता ४८१२६ मधले १ आणि २ उलटे करून बघा : ४८२१६. परत आलेल्या ४८८०२ मधून वजा केले की ५८६. तुमच्या बेरजेच्या अगदी शेजारी.

मला वाटतं गाडी देताना कोणीतरी 'दोन एक सहा' ऐवजी 'एक दोन सहा' टाइप केलं असावं.

---

रेवा

वा! अंगावर काटा आला वाचून. जमाखर्च, तुम्ही माझ्या सोसायटीचा ताळेबंदही बघा हो एकदा.

---

शंतनू_म

कल्पना सुंदर आहे, पण अजून ती कल्पनाच आहे. नवात एक आकडा असाही ९ ने भागला जातो, योगायोग म्हणूनसुद्धा. आणि इथे तर फरकही पक्का माहीत नाही, अंदाजाचा अंदाज आहे. कंपनीपुढे हे कसं मांडणार?

---

जमाखर्च

बरोबर आहे शंतनू. याने चूक सिद्ध होत नाही, शोधायचं कुठे ते कळतं. पुरावा वेगळाच लागेल.

---

चावीवाला

पुरावा मिळू शकतो, आणि तो त्यांच्याच दप्तरात आहे.

आधी हे कसं घडतं ते सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी काउंटरवर तुंबळ गर्दी. एक मुलगा पार्किंगमध्ये गाडीत बसून मीटर वाचतो आणि फोनवर किंवा ओरडून सांगतो, दुसरा आत टाइप करतो. माझ्या हातूनही दोनदा अशी चूक झालेली आहे. एकदा गिऱ्हाइकाचं नुकसान, एकदा मालकाचं. हल्ली काही गाड्या आकडा आपोआप पाठवतात, तिथे हा घोळ होत नाही.

आता उपाय. प्रत्येक गाडीची नोंद सलग असते. तुमच्या आधी ज्याने ती गाडी नेली होती, त्याने परत दिली तेव्हाचा आकडा त्यांच्याकडे आहे. मीटर उलटं फिरत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाने ४८२०० च्या आसपास गाडी परत दिली असेल, तर त्यानंतर तुम्हाला ४८१२६ वर ती मिळूच शकत नाही. मेलमध्ये एवढंच विचारा : 'माझ्या आधीच्या भाड्याचा परतीचा आकडा किती होता?' नाव-गाव काही मागू नका, फक्त आकडा. टाइप करणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं खरं तर, पण आमच्या जुन्या सिस्टिममध्ये आधीपेक्षा कमी आकडा टाकला तर नुसती पिवळी खूण यायची, अडवलं जात नसे. घाईत ती खूण कोण बघतो.

आणि दुसरं, इंधनाच्या काट्याचा फोटो काढला होता का? पूर्ण टाकी दिली की नाही यावरून वाद नको म्हणून बरेच जण काढतात. बहुतेक गाड्यांत तो काटा आणि किलोमीटर एकाच पडद्यावर असतात.

---

मृद्गंध

इथे थोडं अवांतर करते, पण किलोमीटरच्या मर्यादेशीच संबंधित आहे म्हणून.

आम्ही चार दिवसांसाठी गाडी घेतली होती, रोज २०० म्हणजे एकूण ८००. सासूबाईंना बरं वाटेना म्हणून एक दिवस आधी परतलो आणि गाडी लगेच देऊन टाकली, म्हटलं एका दिवसाचे १५०० वाचतील. तोवर ६९० किमी झाले होते. चार दिवस धरले असते तर मर्यादेच्या आतच होतो. पण बिल करताना दिवस तीन झाले, मर्यादा ६०० वर आली आणि ९० किमी जादा ठरले. तिथे जादाचा दर १० होता, म्हणजे ९०० गेले. वाचलेल्या १५०० मधले हातात ६०० च राहिले.

गाडी लवकर दिली की त्या दिवसाचे किलोमीटरही परत जातात, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. निदान ६०० तरी वाचले, पण सगळं अंतर आधीच कापून झालेलं असेल तर लवकर परत देणं अंगावरसुद्धा येऊ शकतं.

---

चावीवाला

अगदी असंच होतं मृद्गंधताई. काही ठिकाणी तर लवकर दिलेल्या दिवसाचं भाडंही परत मिळत नाही, आणि तरी मर्यादा मात्र कमी धरतात. तसं झालं तर भांडायला जागा आहे. दिवसाचे पैसे घेतले असतील तर त्या दिवसाचे किलोमीटरही द्यायला हवेत.

---

ऋतू

मग सरळ अनलिमिटेडवालाच प्लॅन का घेऊ नये? डोक्याला ताप नाही. मी नेहमी तोच घेते.

---

जमाखर्च

घ्या, पण एक भागाकार करून घ्या. समजा सायलीताईंच्या २००० च्या गाडीला अनलिमिटेडचा दर २६०० असता. जास्तीचे ६०० भागिले १२, म्हणजे ५० किमी. रोजच्या २५० वर सरासरी ५० पेक्षा जास्त जाणार असाल तरच अनलिमिटेड परवडतं. दोन दिवसांत ६०० च्या पुढे. ताई ५८६ फिरल्या असतील तर काठावर, साधा प्लॅनच थोडा स्वस्त.

तोच भागाकार एक दिवस वाढवून घ्यायलाही लागू पडतो. वरचे दोन तास ५०० ला पडले. त्याऐवजी तिसरा पूर्ण दिवस घेतला असता तर २००० लागले असते, म्हणजे १५०० जास्त, पण आणखी २५० किमी मिळाले असते. १५०० भागिले १२ म्हणजे १२५. म्हणजे ६२५ च्या पुढे गेलात तर तिसरा दिवस स्वस्त, अलीकडे राहिलात तर तास स्वस्त. बिलातल्या ६७६ ने ६६१२ होतात, तीन दिवसांचे ६००० च झाले असते. खरे ५८६ असतील तर ४०००, ५०० आणि १०३२ मिळून ५५३२. म्हणजे आकडा दुरुस्त झाला तर ताईंनी घेतलं तेच बरोबर होतं.

---

ऋतू

म्हणजे निघण्याआधी अंतराचा अंदाज धड हवा. माझा तिथेच घोळ होतो. मी जाऊन-येऊन अंतर बघते आणि तेवढंच धरते.

---

पायवाट

ऋतू, मी तीन बेरजा वेगळ्या करतो. जाऊन-येऊन, तिथे पोचल्यावरची रोजची भटकंती, आणि गाडी घेण्याच्या जागेपासून घर. तिसरी नेहमी राहून जाते, आणि शहराच्या एका टोकाला पार्किंग असेल तर ती चाळीसच्या घरात जाते. वर भरकटण्याचे वीस-पंचवीस. सायलीने वर लिहिलंय ते वाच, तसंच.

प्रवासात पहिल्या मुक्कामाला पोचलो की मीटर बघतो आणि उरलेल्या अंतराशी ताडतो. तेव्हा अजून काही बदलता येतं. परतीच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

---

गाडीवान

मला मुळात तो १२ चा दरच अन्याय वाटतो. २००० ला २५० म्हणजे किलोमीटरला ८ पडले. २५१ वा किलोमीटर एकदम १२? तोच रस्ता, तीच गाडी, पेट्रोलही आपलं.

---

स्पॅनर

८ आणि १२ ची तुलना सरळ होत नाही, कारण २००० मध्ये दिवसभर गाडी अडकून राहण्याचं भाडं आहे. गाडी नुसती दारात उभी ठेवली तरी ते पडणारच. पण एक खरं, गाडीची झीज किलोमीटरवरच जाते. टायर, ब्रेक, ऑइल बदलण्याची वेळ, आणि विकताना मिळणारी किंमत. ४८ हजार चाललेली गाडी आणि ७० हजार चाललेली गाडी सारख्या भावात जात नाहीत. मर्यादेमागचं कारण तेच.

१२ योग्य की ९, यावर मी बोलू शकत नाही, ते गाडीवर अवलंबून आहे. दरात इंधन धरलंय की नाही ते मात्र आधी बघा. इंधनासकट १२ आणि इंधनाशिवाय १२ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

गाडीवान

कारण समजलं, तरी दर जास्तच वाटतो. इथे आपले मतभेद राहू देत.

---

सायली_क

फोटो सापडला!!

मी मीटरचा फोटो काढलाच नव्हता, म्हणून आशा सोडली होती. चावीवाला यांचं वाचून मुलीचा फोन घेतला. गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा तिने मावशीला पाठवायला डॅशबोर्डचा फोटो काढला होता, 'बघ, टाकी फुल' असं लिहून. स्टिअरिंगच्या आड अर्धा पडदा गेलाय, इंधनाच्या सगळ्या रेघा पेटलेल्या दिसतात, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा. पहिला ४ स्टिअरिंगने झाकलाय. उरलेला स्पष्ट वाचता येतो : ८२१६. शेजारी घड्याळात ७:०९.

जमाखर्च, तुमचे २ आणि १ जिथे म्हणालात तिथेच आहेत. मी दोन मिनिटं नुसती बघत बसले.

---

जमाखर्च

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. मूळ फोटो तसाच जपून ठेवा, कापू-छाटू नका. मेसेजमधून पाठवलेल्या प्रतीत वेळेची माहिती बहुधा निघून जाते, फोनमधल्या मूळ फाइलमध्ये ती असते. मुलीच्या फोनमधूनच थेट मेल करा.

---

शंतनू_म

मी माझी शंका मागे घेतो, सायली. सहीचं मात्र मनात ठेव, ते तिच्यावरच बोट ठेवतील. फोटो, आणि चावीवाला म्हणतात तो आधीच्या भाड्याचा आकडा, दोन्ही एकत्र माग. एकाला ते 'झाकलेला अंक' म्हणून टाळतील, दोन्हींना टाळता येणार नाही.

---

सायली_क

तसंच केलं. मेलमध्ये चारच ओळी लिहिल्या : बिलातला आकडा ४८१२६, फोटोतला ४८२१६, आधीच्या भाड्याच्या परतीचा आकडा कळवा, आणि दोन तासांचे किलोमीटर कोणत्या कलमाने शून्य धरले ते सांगा.

---

नाना_प्रवासी

मुलाला हा सगळा धागा वाचायला दिलाय. त्याने मला विचारलं, बाबा, परत देतानाही फोटो काढायचा का?

---

चावीवाला

काढायचाच नाना. गाडी पार्किंगमध्ये लावल्यावर, इंजिन बंद करायच्या आधी. बऱ्याच गाड्यांत बंद केल्यावर आकडा दिसत नाही. आणि पडद्यावर एकूण किलोमीटर आहेत की ट्रिपचे, ते बघून घ्यायला सांगा. ट्रिपचा आकडा बटण दाबून कोणीही शून्यावर आणू शकतो, त्याला किंमत नाही.

---

सायली_क

चार दिवसांनी उत्तर आलं. आधीच्या भाड्यातली गाडी ४८२११ वर परत आली होती. म्हणजे माझ्या ताब्यात ती ४८१२६ वर येणं शक्यच नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. जादा किलोमीटर १७६ चे ८६ केले, १०८० आणि त्यावरचा कर डिपॉझिटच्या खात्यावर परत टाकला. उत्तर नीट, सभ्य भाषेत होतं.

दोन तासांच्या प्रश्नावर मात्र फक्त 'धोरणानुसार' एवढंच लिहिलंय. करार मी तीनदा वाचला. उशिरा परतीच्या कलमात तासाचा दर आहे, किलोमीटर मिळतील की नाही याबद्दल एक अक्षर नाही.

---

रेवा

मग सोडू नकोस. जे लिहिलेलंच नाही ते त्यांच्या बाजूने का धरायचं? वीस किलोमीटर म्हणजे २४० होतात.

---

चावीवाला

रेवाताई, मला वाटतं ते देणार नाहीत. करारात मर्यादा 'दिवसाला' अशी लिहिली आहे, तासाला नाही, असं म्हणतील. पण विचारायला हरकत नाही.

---

सायली_क

आज पुन्हा मेल केलाय, कलमाचा क्रमांक घालून. उत्तर आलं की इथेच लिहीन.